संस्थेवर प्रशासक आणण्याआधी: निबंधकाचे अधिकार, समितीचा बचाव आणि सभासदांच्या वाटा

गृहनिर्माण संस्थेत वाद विकोपाला गेला की कोणीतरी हमखास म्हणतं, "कमिटी बरखास्त करून टाकू, प्रशासक आणू." मग रागाच्या भरात आठ-दहा पानांचा अर्ज लिहिला जातो. त्यात अध्यक्षांच्या स्वभावापासून पार्किंगपर्यंत सगळं येतं, आणि शेवटी एकच मागणी असते: समिती तात्काळ बरखास्त करावी. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातून संस्थेला एक पत्र जातं, "सोबतच्या तक्रार अर्जाबाबत खुलासा सादर करावा." संस्था खुलासा देते आणि फाईल कपाटात जाते.

यामागे दर वेळी साटंलोटं असतं असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये निबंधकाला जे अधिकार दिले आहेत, त्यांत निवडून आलेली समिती अधिक्रमित करणं, म्हणजे तिला हटवून कारभार प्रशासकाकडे देणं, हा सगळ्यात टोकाचा अधिकार आहे. तो वापरायला निबंधकाच्या टेबलावर पुरावा लागतो, आणि तो पुरावा बहुतेक वेळा आधीच्या, कमी टोकाच्या अधिकारांमधूनच तयार होतो. म्हणून इथे पायरीपायरीने जाऊ, आणि एकच उदाहरण हाताशी धरू.

समजा, ठाणे जिल्ह्यात ६४ सदनिकांची एक संस्था आहे. अकरा जणांची समिती तीन वर्षांपूर्वी निवडून आली. गेली दोन वर्षं वार्षिक सर्वसाधारण सभा झालेली नाही. हिशेब सभासदांपुढे आलेले नाहीत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर १८ लाख रुपये खर्च झाले, त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव नाही आणि निविदाही मागवलेल्या नाहीत. कोणी कागद मागितले की सचिव म्हणतात, "सभेत बघू." सभा तर होतच नाही.

आधी निबंधक म्हणजे नेमकं कोण

कायद्यात शब्द एकच असला तरी कार्यालयं वेगवेगळी आहेत. राज्याचे सहकार आयुक्त व निबंधक पुण्यात बसतात. त्यांच्या खाली विभागीय सहनिबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, तालुक्याला सहायक किंवा उपनिबंधक आणि मुंबईत वॉर्डनिहाय उपनिबंधक अशी रचना आहे. आपल्या उदाहरणातल्या संस्थेचा रोजचा संबंध तालुक्याच्या उपनिबंधकांशी येतो. आदेशावर सही कोणाची आहे हे नीट बघून ठेवा, कारण अपील कुठे करायचं ते त्या सहीवर ठरतं. हा मुद्दा पुढे येईलच.

संस्थेचं कार्यक्षेत्र एकापेक्षा जास्त राज्यांत असेल आणि ती २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असेल, तर हा लेख तिला लागू नाही. तिथे केंद्रीय निबंधक असतात आणि नियमही वेगळे.

पहिली पायरी: कागद मागणं

कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात अधिनियम, नियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची आणि समिती सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. शुल्क भरल्यावर एक महिन्यात प्रती मिळाल्या पाहिजेत. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली १३-ब हे स्वतंत्र प्रकरण कायद्यात घातलं गेलं, त्यातही दप्तर पाहण्याचा हक्क आहे.

अर्ज लेखी द्या. नेमक्या कागदांची नावं आणि कालावधी लिहा. "सर्व व्हाउचर व संपूर्ण हिशेब" असं मागितलं की संस्था मागणी मोघम असल्याचं सांगून टाळते. त्याऐवजी "गच्ची वॉटरप्रूफिंगच्या कामाबाबत समितीचे ठराव, प्राप्त दरपत्रके आणि ठेकेदाराशी झालेला करारनामा" असं मागा. सचिवांनी पोच दिली नाही तर तोच अर्ज नोंदणीकृत डाकेने पाठवा. कागद मिळाले तर काम झालं. नाही मिळाले तरी नकार किंवा मौन हाच पहिला पुरावा झाला.

माहितीच्या अधिकाराबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच काढून टाकतो. केवळ सहकार कायद्याखाली नोंदली गेली म्हणून कोणतीही संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधल्या थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून आपल्या सोसायटीच्या सचिवाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून सहसा काही निघत नाही. उपनिबंधकांचं कार्यालय मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहेच. संस्थेने तिथे दाखल केलेली विवरणपत्रं, लेखापरीक्षण अहवाल, दोष दुरुस्ती अहवाल, आधीच्या तक्रारींवरचे खुलासे हे सगळं तिथून मागता येतं. संस्थेने तुम्हाला नाकारलेला कागद बरेचदा त्या कार्यालयातल्या फाईलमध्ये सापडतो. कधी तो तिथे दाखलच झालेला नसतो, आणि "अभिलेखात उपलब्ध नाही" हे उत्तरही तितकंच उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: विशेष सर्वसाधारण सभा

कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. उपविधीत त्याहून कमी संख्या दिलेली असेल तर तेवढी पुरते. ६४ चा पाचवा भाग १२.८ होतो, म्हणजे १३ सह्या. मी म्हणेन १६-१७ घ्या. एखाद्या सदनिकेत सही करणारी व्यक्ती सहयोगी सभासद निघते, एखाद्याचं भागपत्र अजून नावावर झालेलं नसतं, आणि एखादा दबावाखाली सही मागे घेतो. सह्या बाराच भरल्या तर अख्खी मागणी पडते.

मागणीपत्रात विषय स्पष्ट लिहा: गच्चीच्या कामाचा खर्च, दोन वर्षांचे हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक. महिना उलटला आणि सभा बोलावली गेली नाही, तर निबंधकाकडे जा. ते स्वतः किंवा अधिकृत केलेल्या व्यक्तीमार्फत सभा बोलावू शकतात. पुष्कळ संस्थांमधला वाद या सभेतच मिटतो, कारण समितीतले तीन-चार जण हिशेब उघड झाल्यावर अध्यक्षांची बाजू सोडतात.

तिसरी पायरी: उपनिबंधकांकडे तक्रार, पण मागणी योग्य

इथे बहुतेक अर्ज घसरतात. "बरखास्त करा" ही मागणी शेवटी ठेवा किंवा ठेवूच नका. आधी जे अधिकार निबंधक सहज वापरू शकतात, ते मागा.

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, व्हायला हवी. ती घेतली नाही तर कलम ७५(५) खाली ज्यांची ती जबाबदारी होती त्या पदाधिकाऱ्यांना किंवा समिती सदस्यांना निबंधक पाच वर्षांपर्यंत निवडणुकीसाठी अपात्र ठरवू शकतात. माझ्या मते सभासदांच्या हातातलं हे सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे. सभा झाली की नाही हे सिद्ध करायला चौकशी लागत नाही. नोटीस आणि इतिवृत्त संस्थेकडे नसेल तर मुद्दा संपला.

विवरणपत्रं दाखल करणं किंवा सभासदांना कागद देणं यांसारखी कायद्याने लादलेली कामं करवून घेण्यासाठी कलम ७९ आहे. दप्तर आणि कामकाज तपासून घ्यायचं असेल तर कलम ८९ अ खाली तपासणी मागता येते. लेखापरीक्षणात दोष निघाले असतील तर कलम ८२ प्रमाणे समितीने दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. तो दिला का, एवढं विचारलं तरी समितीची तारांबळ उडते.

तक्रारीतला एक परिच्छेद साधारण असा हवा:

"संस्थेने सन २०२३-२४ व २०२४-२५ या दोन आर्थिक वर्षांची वार्षिक सर्वसाधारण सभा विहित मुदतीत घेतलेली नाही. याबाबत अर्जदारांनी दि. … रोजी लेखी विचारणा केली (सहपत्र १), त्यास उत्तर मिळाले नाही. १७ सभासदांनी दि. … रोजी कलम ७६ अन्वये विशेष सभेची मागणी केली (सहपत्र २, पोचसह), तीही घेण्यात आलेली नाही. सबब कलम ७५(५) अन्वये कार्यवाही व्हावी, आणि कलम ८९ अ अन्वये संस्थेची तपासणी करण्याचे आदेश व्हावेत."

एक मुद्दा, एक कलम, एक सहपत्र. पार्किंग, पाळीव कुत्रा, वरच्या मजल्यावरची गळती हे सगळं या अर्जातून बाहेर ठेवा. गळती आणि पार्किंगचे वाद, सभेने केलेल्या ठरावाची वैधता, निवडणुकीचा निकाल हे विषय कलम ९१ खाली सहकारी न्यायालयाचे आहेत. निवडणुकीच्या वादाला निकाल जाहीर झाल्यापासून अवघे दोन महिने मिळतात, एवढं ध्यानात असू द्या. ते विषय निबंधकाकडे नेले की ते "सक्षम न्यायालयात दाद मागावी" असं लिहून अख्खी तक्रार निकाली काढतात, आणि त्यात तुमचे खरे मुद्देही वाहून जातात.

चौथी पायरी: कलम ८३ ची चौकशी

पैशांचा प्रश्न आला की तपासणी पुरत नाही, चौकशी लागते. कलम ८३ खाली निबंधक स्वतःहून चौकशी लावू शकतात किंवा एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून लावतात. संस्थेची घटना, कामकाज आणि आर्थिक स्थिती हे तिचे विषय. चौकशी अधिकारी दप्तर मागवतो, पदाधिकाऱ्यांचे जबाब घेतो, ठेकेदारालाही बोलावू शकतो. चौकशीचा खर्च कोणावर टाकायचा हेही निबंधक कलम ८५ खाली ठरवू शकतात. त्यामुळे बिनबुडाची तक्रार अर्जदारांच्या अंगावर येऊ शकते.

चौकशी अधिकाऱ्यापुढे सभासदांनी काय द्यावं? आपल्या उदाहरणात गच्चीचं क्षेत्रफळ, करारातला दर, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि बँक खात्यातल्या नोंदींच्या तारखा. समजा करार १२ लाखांचा आहे आणि १८ लाख दिले गेले. वरचे सहा लाख कोणत्या ठरावाने दिले, हा एकच प्रश्न अहवालाचा कणा होतो. "भ्रष्टाचार झाला" असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा हा एक तक्ता जास्त काम करतो.

चौकशी संपली की निबंधक कलम ८७ प्रमाणे दोष संस्थेच्या निदर्शनाला आणतात आणि ते दुरुस्त करण्याचा आदेश देऊ शकतात. इथे समितीला एक संधी असते. अहवालातले दोष मान्य करून सभा घेतली, हिशेब मंजूर करून घेतले, जादा रकमेबद्दल ठेकेदाराला नोटीस काढली, तर अधिक्रमणाची वेळ सहसा येत नाही. जी समिती या आदेशाकडे काणाडोळा करते, तिच्याविरुद्ध "वारंवार कसूर" हा आरोप आपोआप उभा राहतो.

पाचवी पायरी: निलंबन आणि अधिक्रमण

आता मुख्य कलमं. कलम ७८ समितीच्या निलंबनाचं आहे आणि कलम ७८ अ समिती अधिक्रमित करण्याचं किंवा एखाद्या सदस्याला काढून टाकण्याचं. बोलीभाषेत दोन्हींना बरखास्तीच म्हणतात, पण नोटीस हातात आली की ती कोणत्या कलमाखाली आहे हे आधी बघा. निलंबनात समिती काही काळ बाजूला होते, ती परत येऊ शकते. अधिक्रमणात ती जाते.

कारणं ढोबळमानाने अशी: कर्तव्यात सतत कसूर किंवा हयगय, संस्थेच्या किंवा सभासदांच्या हिताला बाधक कृत्य, गंभीर आर्थिक अनियमितता किंवा अफरातफर, सतत गणपूर्ती न होणं, समितीने काम करायचं सोडल्यामुळे संस्था ठप्प होणं, निवडणूक न होणं, न्यायालयाचे निर्देश. समितीतला एकच माणूस अपात्र झाला असेल, समजा थकबाकीदार असेल, तर फक्त त्याला काढता येतं. एकासाठी अकरा जण घरी पाठवायची गरज नसते.

इथे थोडा इतिहास लागतो, कारण जुन्या माहितीवर विसंबून लोक फसतात. ९७ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेडएल आला. त्यात अधिक्रमण किंवा निलंबन सहा महिन्यांपेक्षा जास्त नको (सहकारी बँकेसाठी एक वर्ष), आणि ज्या संस्थेत सरकारचं भागभांडवल, कर्ज, आर्थिक सहाय्य किंवा हमी नाही तिची समिती अधिक्रमित करता येणार नाही, अशा अटी होत्या. महाराष्ट्राने २०१३ च्या दुरुस्तीने आपला कायदा त्याला जुळवून घेतला. मग जुलै २०२१ मध्ये राजेंद्र शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या घटनादुरुस्तीचा सहकारी संस्थांविषयीचा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला, तो फक्त बहुराज्य संस्थांसाठी उरला. त्यानंतर २०२२ मध्ये राज्याने कायद्यात पुन्हा दुरुस्त्या केल्या. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक किंवा निकाल दाखवून "आपल्या सोसायटीत सरकारचा पैसा नाही, निबंधक काही करू शकत नाही" असं म्हणत बसू नका, आणि उलट बाजूने तो मुद्दा सोडूही नका. नोटिशीच्या तारखेला लागू असलेला कलम ७८ अ चा मजकूर परंतुकांसकट, म्हणजे त्यातल्या अटी-अपवादांसकट, काढा आणि त्यावर बोला. प्रशासकाची मुदतही त्याच मजकुराशी आणि आदेशाशी ताडून पाहा.

समितीत असाल तर: नोटिशीला उत्तर

नोटीस आली की आक्षेप लेखी मांडायला १५ दिवस मिळतात. त्यातले पहिले दोन दिवस एकाच कामाला द्या. नोटिशीत ज्या अहवालाचा उल्लेख आहे, त्याची पूर्ण प्रत सहपत्रांसह लेखी मागा. तपासणी अहवाल न देता त्यावरून दोषी ठरवणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. प्रत मागितल्याची पोच अपिलात फार कामाला येते. मात्र प्रत आली नाही म्हणून गप्प बसू नका. हाती असलेल्या कागदांवर मुदतीत उत्तर द्या आणि "प्रत मिळाल्यावर अधिक म्हणणे मांडण्याचा हक्क राखून" असं त्यात लिहा.

उत्तर आरोपनिहाय लिहा. आपल्या उदाहरणात तीन आरोप येतील. सभा न घेण्याच्या आरोपाला बचाव जवळपास नाही, म्हणून सभा लावा आणि उत्तरासोबत सभेची नोटीस जोडा. लेखापरीक्षण झालं असेल तर अहवाल जोडा. वॉटरप्रूफिंगबद्दल पावसाळ्याआधी तातडी होती असं म्हणायचं असेल, तर सभासदांच्या गळतीच्या तक्रारी, समितीचा ठराव, वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र, जे असेल ते लावा. "सर्व आरोप खोटे व राजकीय हेतूने प्रेरित आहेत" या वाक्यावर भर देणाऱ्या समित्या बहुधा हरतात.

ज्या सदस्यांनी चुकीच्या ठरावाला विरोध केला होता, त्यांनी वेगळं उत्तर द्यावं आणि इतिवृत्तातल्या आपल्या विरोधाच्या नोंदीची प्रत जोडावी. एकत्र उत्तरावर सही केली की तो वेगळेपणा पुसला जातो, आणि पुढे नुकसानीची जबाबदारी ठरवणाऱ्या कलम ८८ ची वेळ आली की पस्तावतात.

सुनावणीला हजर राहा आणि रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीवर, सही करा. सही करण्यापूर्वी त्यात काय लिहिलंय ते वाचा. "उभय पक्षांचे म्हणणे ऐकले" असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात फक्त पुढची तारीख दिलेली असते, असं होतं.

आदेश काढण्यापूर्वी संस्था ज्या संघीय संस्थेशी संलग्न आहे तिच्याशी निबंधकांनी विचारविनिमय करायचा असतो. गृहनिर्माण संस्थेसाठी ती सहसा जिल्ह्याचा गृहनिर्माण संस्था महासंघ. महासंघाला नुसतं एक पत्र पाठवलं की साहित्यासह मत मागवलं, हे माहिती अधिकारात तपासा. आणि आदेशात नुसतं "खुलासा समाधानकारक नाही" असून चालत नाही. कोणता आरोप कोणत्या पुराव्याने सिद्ध झाला आणि संस्थेचा कारभार कायद्याप्रमाणे चालवणं का शक्य नाही, ही कारणं आदेशात दिसली पाहिजेत.

मध्य प्रदेश राज्य विरुद्ध संजय नगायच हा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. पन्ना जिल्ह्याच्या मध्यवर्ती सहकारी बँकेचं संचालक मंडळ सहनिबंधकांनी अधिक्रमित केलं होतं. तिथल्या कायद्याप्रमाणे आवश्यक असलेला रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलतीचा टप्पा नीट पाळला गेला नाही आणि आरोपही अधिक्रमणाच्या तोलाचे नव्हते. न्यायालयाने मंडळ पुन्हा बसवलं. निबंधकांनी कायद्याप्रमाणे चालायचं, बाहेरच्या कोणाच्या सांगण्यावरून नाही, हेही त्यात स्पष्ट सांगितलं आहे. सहकारी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेची भूमिका स्वतंत्र असते, म्हणून त्या निकालातला सल्लामसलतीचा मुद्दा जसाच्या तसा सोसायटीला लावू नका. प्रक्रियेचा तोल मात्र तोच.

सहावी पायरी: आदेशाविरुद्ध कुठे जायचं

आपल्या उदाहरणात आदेश तालुक्याच्या उपनिबंधकांचा आहे. त्याविरुद्ध कलम १५२ खाली अपील विभागीय सहनिबंधकांकडे जातं. आदेश सहनिबंधकांच्या किंवा अपर निबंधकांच्या पातळीवरचा असेल तर अपील राज्य शासनाकडे, म्हणजे व्यवहारात सहकार मंत्र्यांपुढे. मुदत दोन महिने. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण या प्रकरणात दोन महिने थांबणं म्हणजे हरणंच, कारण तोवर प्रशासकाने दप्तर, चेकबुक, सगळं ताब्यात घेतलेलं असतं. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज पहिल्याच दिवशी लावा.

ज्या आदेशांवर अपील नाही, त्यांवर कलम १५४ खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या पातळीवर आदेशाची फेरतपासणी. तिथेही दोन महिनेच. जिथे अपील आहे तिथे पुनरीक्षणाचा अर्ज टिकत नाही. दोन्हींत गल्लत झाली की वेळ जातो.

अधिक्रमणाच्या आदेशाला सहकारी न्यायालयात कलम ९१ खाली आव्हान देण्याची चूक करू नका. तो संस्था आणि सभासद यांच्यातला वाद नसून निबंधकाचा वैधानिक आदेश आहे. दिवाणी न्यायालयाची वाट कलम १६३ ने अडवलेली आहे. अपील संपलं, किंवा सुनावणीची संधीच न देता आदेश निघाला, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका उरते. पर्यायी मार्ग असताना थेट गेलात तर बहुधा "आधी अपील करा" असं ऐकून परत यावं लागतं.

तक्रारदार सभासदांनीही या टप्प्यावर झोपू नये. समिती अपिलात गेली की त्यांना पक्षकार करतीलच असं नाही. विभागीय सहनिबंधकांच्या कार्यालयात आधीच अर्ज देऊन ठेवा, की या आदेशाविरुद्ध अपील आल्यास आम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये. आणि सगळ्यात त्रासदायक स्थिती, म्हणजे उपनिबंधक काहीच करत नाहीत, तेव्हा? न दिलेल्या आदेशावर अपील करता येत नाही. आधी जिल्हा उपनिबंधकांकडे आणि सहनिबंधकांकडे लेखी स्मरणपत्रं द्या. मग उच्च न्यायालयाकडे एवढंच मागा, की आमची अमुक तारखेची तक्रार ठरावीक मुदतीत निकाली काढायचे निर्देश द्यावेत. "समिती बरखास्त करा" असं न्यायालयाकडे मागण्यापेक्षा ही मागणी सहज मान्य होते.

प्रशासक आला, पुढे काय

प्रशासक किंवा तीन अथवा अधिक सभासदांची नेमलेली समिती निबंधकांच्या नियंत्रणाखाली काम करते. तिचं काम दैनंदिन कारभार सांभाळणं आणि मुदतीत निवडणूक लावणं. जुनी समिती दप्तर देत नसेल तर कलम ८० खाली ते जप्त करता येतं. प्रशासकाने नवे सभासद करून घेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या कुट्टप्पन प्रकरणात २००० साली बोट ठेवलं आहे. कारण उघड आहे: मतदारयादी बदलली की निवडणूकच बदलते. म्हणून प्रशासकाच्या काळात कोणाचं सभासदत्व मंजूर होतंय यावर नजर ठेवा. प्रशासकाचं मानधन संस्थेच्या तिजोरीतून जातं, आणि पुनर्विकासासारखा मोठा निर्णय त्या काळात पुढे रेटला जात असेल तर सभासदांनी लगेच लेखी हरकत घ्यावी.

समितीची पाच वर्षांची मुदत संपलीय आणि निवडणूक झाली नाही, एवढाच प्रश्न असेल तर अधिक्रमणाच्या वाटेला जाऊच नका. त्यासाठी कलम ७७ अ आहे. निबंधक त्याखाली नवी समिती किंवा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. तिथे कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, तारीख दाखवली की पुरे.

पैसे परत आणायचे असतील तर

समिती गेली म्हणून वॉटरप्रूफिंगचे सहा लाख परत येत नाहीत. त्यासाठी कलम ८८ ची कार्यवाही वेगळी मागावी लागते. लेखापरीक्षण, चौकशी किंवा तपासणीत गैरवापर, विश्वासभंग किंवा नुकसान दिसलं, तर निबंधक किंवा त्यांनी अधिकृत केलेली व्यक्ती संबंधितांवर जबाबदारी निश्चित करते आणि रक्कम व्याजासह भरण्याचा आदेश देते. यालाही अपील आहे, कलम १५२ खालीच. इथे जबाबदारी प्रत्येकाच्या वागण्याप्रमाणे ठरते. चेकवर सही करणारे अध्यक्ष, सचिव, खजिनदार एका बाजूला, आणि ठरावाला विरोध नोंदवणारा सदस्य दुसऱ्या.

म्हणून चौथ्या पायरीवरचा तो तक्ता चौकशी अहवालात नोंदला गेला पाहिजे, याचा आग्रह तेव्हाच धरा. अहवालात रक्कम, तारीख आणि व्यक्ती आली नसेल तर कलम ८८ चा अधिकारी सगळं पहिल्यापासून सुरू करतो, आणि तोपर्यंत निम्मे पदाधिकारी सदनिका विकून गेलेले असतात.